आमची वाटचाल: नफा तीन लाख साठ हजार, शिल्लक वाढली दहा हजार

इंदूरला रामबागेत आमचं किराण्याचं दुकान आहे. बाबांनी ते चालू केलं, २०११ पासून गादीवर मी बसतो. बाबांचा हिशेब सरळ होता. रात्री गल्ला मोजायचा, व्यापाऱ्यांचे द्यायचे ते बाजूला काढायचे, उरेल त्यात घर चालवायचं. दिवाळीला वहीपूजन. तेवढ्यावर त्यांनी आम्हा दोघा भावांची शिक्षणं केली, त्यामुळे त्या हिशेबाला नावं ठेवायची माझी छाती नव्हती.

२०१८-१९ मध्ये मी मागची खोली मोकळी करून सुकामेवा, मसाले आणि पापड-कुरडयांचं कपाट केलं. विक्री ३६ लाखांवर गेली. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज करून लिहितोय.) मार्च संपत आला तेव्हा बँक आणि गल्ला मिळून आदल्या वर्षीपेक्षा फक्त दहा हजार जास्त होते.

मी मालावर सरासरी वीस टक्के चढवतो. ३६ लाखांचे वीस टक्के म्हणजे सात लाख वीस हजार. पगार, वीज, पिशव्या, कर असा दुकानाचा खर्च दोन लाख चाळीस हजार. म्हणजे चार लाख ऐंशी हजार उरायला हवे होते. महिन्याला वीस हजार घरी नेत होतो, ते वजा केले तरी दोन लाख चाळीस हजार शिल्लक वाढायला हवी होती. वाढली दहा हजार, म्हणजे दोन लाख तीस हजार कुठे तरी गेले होते.

दुकानात एक मुलगा सहा वर्षांपासून कामाला होता. आता लिहायला लाज वाटते, पण पुढचा आठवडाभर मी त्याच्याशी धड बोललो नाही. गल्ल्याची किल्ली कमरेला लावून फिरत होतो.

आमच्या शेजारी नाना राहतात. सियागंजातल्या एका पेढीवर त्यांनी तीसेक वर्षं वह्या लिहिल्या. माझा कागद त्यांनी वाचला आणि एवढंच विचारलं, "यात दुकानातला माल कुठाय?"

३१ मार्चला रविवार होता. शटर अर्धं पाडून मी, भाऊ आणि तो मुलगा माल मोजायला बसलो. पोत्यांपासून इलायचीच्या डब्यापर्यंत सगळा. बेरीज आली सहा लाखांच्या थोडी वर. नानांनी ती खोडली, कारण मी प्रत्येक वस्तूला विक्रीचा भाव लावला होता. "जो विकलाच नाहीस त्याचा नफा आजच कसा धरलास?" शिलकी माल खरेदीच्या भावानं धरायचा, आणि त्यात दुकानापर्यंत आणायची हमाली-भाडं मिळवायचं. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहोत, खरेदीवर भरलेला जीएसटी आम्हाला परत मिळत नाही, म्हणून तोही खरेदीतच. (जे नियमित जीएसटी भरतात आणि त्याची वजावट घेतात त्यांनी तो वेगळा काढायचा.) आणि ज्या मालाला आता खरेदीइतकेही पैसे येणार नाहीत, उदाहरणार्थ आमचा अळ्या पडलेला रवा, तो जेवढ्याला जाईल तेवढ्यालाच धरायचा. आमच्या रव्याला शून्य मिळालं. असं करून आकडा पाच लाखांवर आला.

मग नानांनी मांडणी केली. वर्षाच्या सुरुवातीचा माल ३,६०,०००. वर्षभरातली खरेदी ३१,४०,०००. दोन्ही मिळून पस्तीस लाखांचा माल दुकानात आला. त्यातला पाच लाखांचा अजून फळीवर आहे, म्हणजे विकला गेलेला माल तीस लाखांचा. विक्री छत्तीस लाख, म्हणून ढोबळ नफा सहा लाख. खर्च वजा जाता निव्वळ नफा ३,६०,०००.

मी म्हटलं, सात-वीस हवेत, एक लाख वीस हजार कमी आहेत.

"वीस टक्के कशावर?" नाना म्हणाले. शंभराची वस्तू तू एकशेवीसला विकतोस. वीस रुपये शंभरावर वीस टक्के आहेत, पण विक्री एकशेवीसची आहे. एकशेवीसावर ते सोळा टक्के आणि थोडे वर. छत्तीस लाखांवर बरोबर सहा लाख होतात. ते एक लाख वीस हजार चोरीला गेले नव्हते, ते कधी नव्हतेच. इतकी वर्षं मी खरेदीवरचा टक्का विक्रीला लावत आलो होतो.

राहिला प्रश्न शिलकेचा. नफा तीन लाख साठ हजार आणि हातात वाढ दहा हजार, हे कसं? नानांनी कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं. माल ३,६०,००० चा ५,००,००० झाला, म्हणजे नफ्यातले १,४०,००० मागच्या खोलीत बदाम-मसाले होऊन बसलेत. गिऱ्हाइकांकडची उधारी वर्षभरात ६०,००० नं वाढली, विक्री धरली गेली पण पैसे यायचेत. घरी नेले २,४०,०००. हे तिन्ही मिळून ४,४०,००० झाले, नफ्याहून जास्त. मग भागलं कसं? व्यापाऱ्यांचं देणं ९०,००० नं वाढलं होतं, त्यांचा माल घेतला पण पैसे दिले नव्हते. तीन-साठ अधिक नव्वद, त्यातून चार-चाळीस वजा: उरले दहा हजार. शिल्लक रुपयापर्यंत जुळली.

घरी नेलेले पैसे हा दुकानाचा खर्च नाही, ती उचल, हेही तेव्हाच कळलं. आधी मी कधी घरचा गॅस दुकानाच्या खर्चात लिहायचो, कधी दुकानाचं वीजबिल घरातून भरायचो. आता उचलीचं पान वेगळं आहे. एक गोष्ट मात्र अजून टोचते. जागा घरची आहे आणि मी पगार घेत नाही. महिन्याच्या तीस हजार नफ्यात माझ्या बारा तासांची मजुरी आणि जागेचं भाडं दोन्ही आलं. दुसऱ्याकडे नोकरी करून दुकान भाड्यानं दिलं असतं तर? हा हिशेब मी एकदाच केला, घरी दाखवला नाही.

या पद्धतीत एक कच्चा दुवा आहे. सुरुवातीच्या मालाचा ३,६०,००० हा आकडा आमच्या सीएंच्या कागदातला, पण तो बाबांनी अंदाजानं सांगितलेला. माल मोजताना पन्नास हजारांची चूक झाली की नफ्यात पन्नास हजारांचीच चूक होते, आणि पुढच्या वर्षी तीच उलटी फिरते. आमचा अंदाज बरा होता, कारण ढोबळ नफा चढवलेल्या टक्क्याशी जुळला. तो जुळला नसता तर शोध घ्यायला हवा होता: मोजणी चुकली, माल खराब झाला, तोलात जास्त गेला, की कुणी उचलला.

तेव्हापासून आम्ही धान्य, मसाले आणि सुकामेवा यांची खरेदी-विक्री वेगळी लिहितो आणि सुकामेवा दर तीन महिन्यांनी मोजतो. पुढल्याच वर्षी दिवाळीनंतर धान्य-मसाल्याचा टक्का जागच्या जागी होता, सुकामेव्याचा मात्र घसरला. या वेळी मुलाकडे न बघता मी बिलं काढली. काजूचा खरेदीभाव किलोला आठशेवरून आठशे ऐंशी झाला होता आणि आम्ही अजून नऊशे साठलाच विकत होतो. किलोमागे एकशे साठ मिळायचे तिथे ऐंशी मिळत होते, तेही ऐन सणाच्या विक्रीत. बरणीवर जुन्या भावाची चिठ्ठी होती. अक्षर माझं होतं.