करवलीचा टोस्ट आणि गाळलेला शब्द

लग्नसमारंभांचं सूत्रसंचालन हा माझा व्यवसाय. त्याच्याच जोडीला लोकांनी स्वतः लिहिलेली भाषणं आणि कविता दुरुस्त करून देण्याचं कामही येतं. गेल्या हंगामात पुण्यातल्या एका रिसेप्शनच्या आधी नवऱ्याची धाकटी बहीण माझ्याकडे आली. दादा बरीच वर्षं न्यू जर्सीत. त्याचे तिथले मित्र येणार होते, काकांची तिथेच वाढलेली मुलं येणार होती. मित्रांपैकी काहींना मराठीचा गंध नाही. चुलत भावंडांना घरात ऐकून समजतं, पण वाचता येत नाही. समोरच्या रांगेत मात्र आजी, मामा-मामी, आत्या. “ताई, टोस्ट मराठीतच हवा, यमकात हवा, आणि ती मुलं कंटाळून मोबाइल काढणार नाहीत असा हवा,” ती म्हणाली.

तिने लिहून आणलं होतं, तेही शार्दूलविक्रीडितात! कारण मंगलाष्टकं त्याच वृत्तात असतात आणि चाल तिच्या कानात पक्की बसलेली. हौस मला आवडली, पण दोन अडचणी लगेच दिसल्या. पहिली श्रोत्यांची. ती चाल सुरू झाली की मराठी माणसाचा हात अक्षतांकडे जातो आणि कान ‘सावधान’ची वाट बघत बसतो. मधल्या ओळींत काय म्हटलंय ते कोणी ऐकत नाही. सकाळी लग्नात हीच चाल अर्धा तास ऐकलेल्या लोकांना संध्याकाळी त्याच चालीत विनोद ऐकवणं म्हणजे विनोद फुकट घालवणं.

दुसरी अडचण वृत्ताचीच. शार्दूलविक्रीडितात एका चरणात एकोणीस अक्षरं, त्यांचा लघु-गुरूचा क्रम ठरलेला आणि शेवटचं अक्षर गुरू. आपण बोलण्यात वापरतो ते छोटे इंग्रजी शब्द बघा: फोन, लेट, केक, फ्लाइट. सगळ्यांच्या शेवटी व्यंजन, म्हणजे आपल्या हिशेबाने लघु अक्षर. यमकाच्या जागी असा शब्द ठेवला की चाल त्याला ओढते आणि ‘फोन’चा ‘फोनऽऽ’ होतो. मराठी कानाला त्यात वावगं वाटत नाही, आपण शेवटचा ‘अ’ गाण्यात नेहमीच उच्चारतो. पण न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेल्या मुलाला ‘फोनाऽ’ हा शब्द इंग्रजी आहे हेच कळत नाही. ज्यांच्यासाठी तो शब्द घातला त्यांच्याच हातून तो निसटतो.

म्हणून मी तिला पादाकुलकात आणलं. ओळीत सोळा मात्रा, आठ-आठचे दोन तुकडे, अक्षरांच्या क्रमाचं बंधन नाही. गायचं नाही, ठेक्यात बोलायचं. ओळ ‘फोन’सारख्या शब्दावर संपली तर बोलून पंधरा मात्रा भरतात आणि सोळावी शांततेत जाते. तेवढा श्वास श्रोत्यांना हसायला पुरतो. मी तिला ती शांतता आणखी थोडी लांबवायला सांगितलं होतं. उद्देश एवढाच, की हशात पुढची ओळ बुडू नये.

मग शब्दांच्या क्रमाकडे वळलो. तिची एक जोडी अशी होती:

दादा आला पुरता लेट,
नशिबामधली पहिली भेट.

अर्थ बरोबर, मात्रा बरोबर, तरी मी ओळींची अदलाबदल केली:

नशिबामधली पहिली भेट,
दादा आला पुरता लेट.

यमकाचा पहिला शब्द ऐकला की कान दुसऱ्याचा अंदाज बांधू लागतो. अर्धवट मराठी येणाऱ्या मुलाला ‘लेट’वरून ‘भेट’ सुचणार नाही, कारण मराठी शब्दांचा साठाच तोकडा. पण ‘भेट’ ऐकून ‘लेट’ मात्र सुचू शकतं. विनोदाचं वजनही दुसऱ्या ओळीवर असतं. तेव्हा इंग्रजी शब्द दुसऱ्या ओळीच्या टोकाला, आणि एका जोडीत एकच. दोन घातले की ते कॉलेजच्या गॅदरिंगचं विडंबन वाटायला लागतं.

काही जोड्या कापल्या. ही त्यांतली एक:

वहिनीपाशी नव्हता वेळ,
दादा धाडी नुसते मेल.

ती म्हणाली, “चालेल की ताई, आमची भावंडं ‘वेल’च म्हणतात.” म्हणत असतील, पण पुढच्या रांगेत आजी बसणार होत्या आणि ‘ळ’ला ‘ल’ जोडलेला त्यांना मुळीच खपला नसता. याउलट शेवटच्या जोडीत ‘गोष्ट’ला ‘टोस्ट’ जुळवलं होतं, ते मी ठेवलं. लिहून बघितलं तर ‘ष्ट’ आणि ‘स्ट’ वेगळे, पण बोलताना तो फरक कोणाच्या कानाला टोचत नाही. असा मजकूर डोळ्यांनी तपासून भागत नाही, मोठ्याने म्हणून बघावा लागतो.

एक जोडी मात्र तिच्या हट्टाने उलटीच राहिली:

मित्रांमध्ये फारच कूल,
आजीपुढती लहान मूल.

इथे इंग्रजी शब्द आधी आणि मराठी नंतर. ओळी फिरवल्या तर अर्थ पांगळा होतो, कारण मजा ‘लहान मूल’वर संपण्यात आहे. राहू दे म्हटलं, एवढी एक जोडी पडली तरी बाकीच्या सावरून नेतील. सगळं मिळून सहा जोड्या उरल्या. हशा धरूनही दीड-दोन मिनिटांचं काम, आणि स्टेजवर उभ्या नवरा-नवरीसमोर रांग लागलेली असताना त्याहून जास्त वेळ कोणी मागूही नये.

रिसेप्शनच्या दिवशी मी रांग थांबवली, तिच्या हातात माइक दिला आणि स्टेजच्या कडेला उभी राहिले. आवाज थोडा कापत होता, पण ठेका पक्का होता. पहिली जोडी साधी, ओळख करून देणारी. दुसरी अशी:

निरोप देणे भलते वाइट,
मध्यरात्रिची होती फ्लाइट.

‘होती’नंतर ती श्वास घ्यायला थांबली. ठरलेली जागा ओळ संपल्यावरची होती, ही थांबली एक शब्द आधी. त्या फटीत डाव्या बाजूच्या टेबलावरून एक चुलत भाऊ ओरडला, “फ्लाइट!” सगळे हसले. मुंबईहून मध्यरात्री सुटणारी विमानं त्या टेबलावरच्या प्रत्येकाने पकडलेली होती, त्यामुळे त्याला फार डोकं चालवावं लागलं नसेल. पण बहिणीचा चेहरा खुलला आणि पुढच्या जोडीला ती मुद्दाम थांबली.

आई सांगे कामे दोन,
दादा घेतो लगेच…

आता चार-पाच आवाज आले, “फोन!” आणि त्यांच्यावर कडी करत नवऱ्याच्या ऑफिसमधला एक मित्र गरजला, “लोन!” गड्याने नुकतंच तिकडे घर घेतलं होतं. न्यू जर्सीचं टेबल अक्षरशः कोसळलं. नवरीनेही तोंडावर हात धरला, म्हणजे हप्त्यांची कल्पना तिला होती. बहिणीने घाई केली नाही. हसू ओसरू दिलं आणि माइकमध्ये म्हणाली, “फोन लिहिलं होतं, पण तेही खरंच आहे.” मात्रांच्या दृष्टीने ‘लोन’ बिनचूक बसतं, ‘घेतो’ हे क्रियापदही दोन्हींना चालतं. असा शब्द आम्ही मांडी घालून शोधला असता तर सापडला नसता.

‘पहिली भेट’ला तर मराठीचा गंध नसलेल्या मित्राने सुद्धा “लेट!” म्हणून टाकलं. ‘भेट’ म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. आवाज जुळला आणि मित्राची ख्याती माहीत होती, एवढ्यावर भागलं.

मग आली ती उलटी जोडी. “मित्रांमध्ये फारच कूल” ती सलग म्हणाली. डाव्या टेबलाने टाळ्या दिल्या. “आजीपुढती लहान…” म्हणून सवयीने थांबली. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या टेबलाकडे या जागी द्यायला शब्द नव्हता. तिकडे शांतता. आणि पुढच्या रांगेतून आत्या, मामी आणि खुद्द आजी एका सुरात म्हणाल्या, “मूल!” आजींनी तर वर “आहेच!” अशी जोडही दिली. आता डावं टेबल कुजबुजत एकमेकांना अर्थ विचारत होतं. ज्या जोडीला मी लंगडी समजत होते, ती वडीलधाऱ्यांच्या वाट्याची निघाली. त्यांनाही सगळा वेळ तरुणांचा खेळ बघत बसायचं नव्हतंच.

शेवटच्या जोडीआधी मी वाढप्यांना खूण केली. हॉलमध्ये दारू नव्हती, ग्लास होते कोकम सरबताचे, आणि ते हातात नसतील तर टोस्टचं आवाहन हवेत जातं. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना ग्लास कधी उचलायचा हे सांगावं लागत नाही. आपल्याकडच्यांना सांगावं लागतं, म्हणून ते मजकुरातच घातलं होतं:

इतकी होती माझी गोष्ट,
उचला पेले, घ्या हा टोस्ट!

इथे ती थांबली नाही, मी तशी सक्त ताकीद दिली होती. शेवटच्या शब्दाचा अंदाज लोकांवर सोडला तर काही जण आधी उचलतात, काही नंतर, आणि फोटोवाल्याला एकही धड फ्रेम मिळत नाही. ‘टोस्ट’ ठणठणीत पडला, ग्लास एकदम वर गेले. एका मामांनी तेवढ्यात सरबत संपवलेलं असल्यामुळे रिकामा पेला उंचावला.

कार्यक्रम आटोपताना नवरीच्या मावशींनी मला गाठलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाचं लग्न साताऱ्याला, पाहुणे झाडून सगळे तिथलेच. “असंच इंग्रजी घालून द्या हो,” म्हणाल्या. मी इंग्रजीला नाही म्हटलं. तिथे आधी ऐकू येणारा शब्दही सगळ्यांना माहीत आणि गाळलेलाही. मग शब्द कोणी भरायचा आणि कोणी बघत राहायचं? त्यांच्या मुलीला मी उखाणे गोळा करायला बसवलंय. त्यात नाव गाळून थांबण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे, फक्त करवलीच्या तोंडी कोणाचं नाव गाळायचं यावर सध्या त्यांच्या घरात भांडण चालू आहे.