पित्ताची गोळी

"पित्तावर काय घेता?" डॉक्टरांनी विचारलं. मी पाळीसाठी गेले होते, हे मध्येच काय!

तीन महिने पाळी नाही, आंघोळीत छातीतून दुधाचे थेंब. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह, थायरॉइड नॉर्मल, दूध आणणारं हार्मोन प्रोलॅक्टिन मात्र ११८. हवं साधारण २५ च्या आत. मेंदूचा एमआरआय आणि प्रोलॅक्टिन उतरवणारी कॅबरगोलिनची गोळी, एवढी तयारी मनाशी करूनच गेले होते.

पर्समधली स्ट्रिप दाखवली. पॅन्टोप्राझोलसोबत बारीक अक्षरात लेव्होसल्पिराइड.

"मेंदूतलं डोपामिन हे रसायन प्रोलॅक्टिनला आवरून धरतं. ही गोळी त्यालाच अडवते. कॅबरगोलिन डोपामिनचंच काम करतं, मग एका हाताने अडवायचं आणि दुसऱ्याने ढकलायचं कशाला? आधी ही बंद करा. तरी उतरलं नाही, तर एमआरआय."

दहा दिवसांनी १९. पुढच्या महिन्यात पाळी.

केमिस्टकडून वर्षभर मीच मागून आणत होते. तुमच्या स्ट्रिपमागे काय लिहिलंय?