तुम्ही विचारलंत म्हणून: बारा मात्रांच्या दोन चाली

‘ध्रुपद आणि ख्याल दोन्ही सुरुवातीला संथच वाटतात. मग ऐकताना फरक कळावा कसा? आणि ध्रुपदात ताना का नसतात?’

याचे उत्तर मी दोन तालांपासून सुरू करतो, कारण माझ्या कानाला हा फरक पहिल्यांदा कळला तो तिथेच. बडा ख्याल पुष्कळदा विलंबित एकतालात गातात आणि ध्रुपदाचा हक्काचा ताल म्हणजे चौताल. दोन्ही तालांच्या मात्रा बारा आहेत. दोन-दोन मात्रांचे सहा विभाग दोन्हींत आहेत, आणि टाळ्या व खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात दाखवण्याच्या जागा, याही दोन्हींत त्याच ठिकाणी येतात. कागदावर केवळ बोल वेगळे दिसतात. प्रत्यक्ष मैफलीत मात्र विलंबित एकतालाची एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते, म्हणजे एक आवर्तन पुरे व्हायला जवळजवळ एक मिनिट लागते. चौतालाची मात्रा साधारण सेकंदाच्या आसपास असते आणि बारा-पंधरा सेकंदांत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, परत येते. तेव्हा तालाच्या हिशेबाने पाहिले तर संथ आहे तो बडा ख्याल, ध्रुपदाची बंदिश नव्हे.

असे असूनही ध्रुपद संथ वाटते ते त्याच्या आलापामुळे. ध्रुपदात गायक आधी राग पूर्ण मांडतो आणि मगच बंदिशीला हात घालतो. हा आलाप तालाशिवाय असतो आणि ‘री, र, न, नोम्, तोम्, ते’ अशा अर्थरहित अक्षरांवर चालतो. ही अक्षरे ईश्वराच्या नावातून आली असे परंपरा मानते. ख्यालाची तालीम घेतल्यावर काही वर्षांनी मी पहिल्यांदा ध्रुपदाच्या बैठकीत अगदी पुढे बसलो होतो. पखवाजवादकाने डाव्या तोंडाला कणीक लावून, वाद्य सुरात मिळवून समोर ठेवले आणि तो हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसला. पाऊण तास तो तसाच बसून होता. ख्यालात गायकाने चार-दोन मिनिटे रागाची ओळख करून दिली की तबल्याचा ठेका सुरू होतो आणि रागाचा पुढचा सगळा विस्तार त्या ठेक्याच्या कुशीत, बंदिशीच्या शब्दांवर किंवा आकारात होतो. ध्रुपदातले विस्ताराचे काम तालाच्या बाहेर होऊन जाते. ऐकणाऱ्याला पहिली खूण इथेच मिळते: दहा मिनिटे उलटली, राग उलगडत चालला आहे आणि तालवाद्य अजून गप्प आहे, तर ते बहुधा ध्रुपद आहे.

ताल नसला तरी त्या आलापात लय नसते असे मात्र नाही. सुरुवातीच्या भागात ती आत दडलेली असते. एखादा स्वरसमूह पुरा झाला की गायक ‘र न न न तोम्’ अशा एका छोट्या लयबद्ध वळणाने षड्जावर येतो. त्याला मोहरा म्हणतात आणि त्या क्षणी लपलेली लय एकदम कानावर पडते. पुढे मध्य लयीत तिची स्पंदने नियमित होतात आणि अखेरीस द्रुत भागात अक्षरे इतकी जवळ येतात की प्रत्येक स्वराला धक्का बसतो. हा सगळा चढ एकही आवर्तन न मोजता झालेला असतो. पहिली दहा मिनिटे ऐकून उठणाऱ्या श्रोत्याला ध्रुपद म्हणजे संथ गाणे वाटते, याचे कारण तो चढाच्या पायथ्याशीच थांबलेला असतो.

बंदिश सुरू झाल्यावर गतीचा जो खेळ होतो तो मला या दोन गायकींमधला सर्वांत मोलाचा फरक वाटतो. ख्यालात गती वाढते म्हणजे तालच जलद होतो. बडा ख्याल संपतो, मग त्याच रागातली द्रुत तीनतालातली चीज येते आणि तिचीही लय चढवत नेतात. एका सेकंदात चार मात्रा आणि दर मात्रेला दोन स्वर असले, तर त्या लयीतली तान सेकंदाला आठ स्वरांची झाली. ध्रुपदात ठेक्याची चाल मुख्यतः तशीच राहते आणि तिच्या अंगावर शब्द दाटत जातात. समजा, चौतालात स्थायीची ओळ समेपासून सुरू होऊन पूर्ण आवर्तन व्यापते. तीच ओळ दुगुणीत गायची तर ती सहा मात्रांत संपेल, म्हणून समेवर पोहोचण्यासाठी ती सातव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर उचलावी लागते. तिगुणीत तिला चार मात्रा पुरतात, म्हणून ती नवव्या मात्रेपासून येते. चौगुणीत तीनच मात्रा पुरतात आणि दहाव्या मात्रेपासून उचल होते. पुढच्या समेवर ओळीचे पहिले अक्षर बरोबर येऊन पडते. हाताने टाळी-खाली देत ऐकून पाहावे. हाताची गती जराही बदलत नाही आणि तरी गाणे चौपट वेगाने अंगावर येते. ख्यालाच्या द्रुत लयीत तोच हात थकतो.

याच भागात साथीकडेही लक्ष द्यावे. ख्यालातला तबलजी प्रामुख्याने ठेका सांभाळतो, कारण एवढ्या लांब आवर्तनात गायकाला आपण कोठे आहोत हे ठेक्याच्या बोलांवरूनच कळत असते. त्याला मोकळीक मिळते ती मुखड्याच्या आसपास किंवा गायक थांबला तर. पखवाजवादक मात्र गायकाच्या बोलबाटीबरोबर, म्हणजे शब्दांच्या या लयीतल्या खेळाबरोबर, स्वतःचे बोल वाजवत जातो आणि बराच वेळ उघडा ठेका ऐकूच येत नाही. दोघेही मनात ताल धरून वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि समेवर भेटतात. नव्या श्रोत्याला हा भाग गोंधळाचा वाटतो. तिथे फक्त टाळी चुकू द्यायची नाही, म्हणजे दोघे कोठे भेटणार आहेत ते आधीच जाणवू लागते.

आता अलंकाराकडे वळतो आणि त्यासाठी एकच स्वर घेतो, दरबारी कानडा रागातला कोमल गंधार. हा गंधार आंदोलित असतो. मध्यमाचा कण घेऊन तो खाली येतो आणि आपल्या जागेभोवती सावकाश झुलतो. पेटीवरच्या कोमल गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला ऐकू येतो. ध्रुपदाच्या आलापात याच एका स्वरावर गायक दीर्घ श्वास खर्ची घालतो. आंदोलन किती रुंद घ्यायचे, ते कोठे आवरायचे आणि मग मींडेने ऋषभावर कसे उतरायचे, हाच तिथला अलंकार असतो. मींड म्हणजे दोन स्वरांमधली सलग वाट. ध्रुपदात ती वाट पुरती ऐकू येते, मधला कुठलाही बिंदू गाळलेला नसतो. या गायकीत परंपरेने पेटी नसते आणि तंबोऱ्यावरच गाणे चालते. तसे असणे मला योग्य वाटते, कारण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधली जागा वाजवता येत नाही आणि ध्रुपद राहते ते नेमके त्या जागेत.

ख्यालगायकही दरबारीतला हा गंधार झुलवतो. चांगल्या ख्यालाच्या विलंबितात तो तितकाच गंभीर लागतो आणि एवढेच ऐकून गायकी ओळखता येणार नाही. फरक पुढे दिसतो. ख्यालात मींडेबरोबर खटका आणि मुरकी येतात, म्हणजे दोन-चार स्वरांची झटकन घेतलेली गुंफण. पुढे आकारातली तान येते, म्हणजे ‘आ’वर वेगाने धावणारी स्वरांची माळ. तान दरबारीत गंधारावरून जाऊ लागली की अडचण उभी राहते. आंदोलनाला जो अवकाश लागतो तो तानेत मिळत नाही. सपाट तान धावली तर गंधार एखाद्या साध्या पायरीसारखा ओलांडला जातो आणि दरबारी अडाणा किंवा जौनपुरी या दुसऱ्या रागांच्या अंगाला झुकू लागतो. म्हणून जाणता ख्यालगायक दरबारीत वजनदार गमकेची तान घेतो, मंद्र आणि मध्य सप्तकात अधिक रमतो आणि उतरताना ‘ग म रे सा’ हे वळण राखतो. ताना ध्रुपदात का नाहीत याचे उत्तर मला इथे मिळते. ध्रुपदात प्रत्येक स्वराचा लगाव, म्हणजे तो लावण्याची रीत, दाखवायचा असतो आणि धावती तान तो लगाव पुसून टाकते. वेगाची हौस तिथे गमक आणि लयकारी भागवतात. गमकेत प्रत्येक स्वर शेजारच्या स्वरावरून जोराने हलवला जातो, नाभीपासून ढकलल्यासारखा, त्यामुळे वेगातही त्याचे वजन कमी होत नाही.

ही विभागणी सगळीकडे सारखी लागू पडत नाही, हे सांगायला हवे. सावकाश, स्वराच्या कणाकणात शिरणारा आलाप ही मुख्यतः डागर घराण्याची ओळख आहे. दरभंग्याच्या मल्लिक परंपरेचे ध्रुपद ऐकणाऱ्याला आलाप आटोपशीर आणि लयकारी जोरकस मिळेल. ख्यालाच्या बाजूला आग्रा घराण्याने ध्रुपदाचा नोमतोम आलाप आपल्याकडे ठेवला. फैयाज खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रणांत तो ऐकायला मिळतो आणि पाच मिनिटे तरी कान फसतो. अमीर खाँसाहेबांनी अतिविलंबित झूमरा ताल इतका संथ केला की त्यांचा ख्याल विस्ताराच्या शांतपणात ध्रुपदाजवळ जातो. ग्वाल्हेरचा विलंबित ख्याल मात्र एवढा संथ नसतो, तिथे बंदिशीचे शब्द लयीत नीट उभे राहतात.

अशा ठिकाणी कान फसला तर मी ताल सुरू होईपर्यंत थांबतो. आग्र्याचा नोमतोम कितीही ध्रुपदासारखा लागला तरी त्यानंतर तबला येतो आणि काही आवर्तनांनी पहिली आकाराची तान निघते. ध्रुपदात आलाप संपताच पखवाजाची खुली, घुमणारी थाप पडते. ती थाप पडल्यावर गायकाच्या हाताकडे पाहावे. तो स्वतः टाळी-खाली देत गात असतो आणि दुगुणीची ओळ उचलताना त्याचा तळहात, सातव्या मात्रेवर, वर वळलेला असतो.