नवी बॅटरीही रात्रीत उतरली, कारण चोर फ्यूजबॉक्सच्या बाहेर होता

तीन आठवडे माझी गाडी सकाळी चालू होत नव्हती. चावी फिरवली की 'टिक् टिक् टिक्', मीटरवरचे दिवे मंद, आणि संपलं. शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंपर लावून शाळा गाठायची, संध्याकाळी आठला गाडी लावायची आणि सकाळी आठला पुन्हा तेच.

बॅटरीवाल्याकडे नेली. त्याने उतरलेल्या बॅटरीलाच टेस्टर लावला, टेस्टरने 'बदला' सांगितलं. इंजिन चालू करून अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतोय का ते बघितलं, 14.1 व्होल्ट. "ताई, अल्टरनेटर ओके आहे, बॅटरी गेली." चौदा महिन्यांची बॅटरी एक्स्चेंजमध्ये देऊन साडेचार हजारांची नवी 35 अँपिअर-अवरची घेतली. ती दोन सकाळी चालली आणि तिसऱ्या सकाळी टिक् टिक्. परत गेले तर म्हणाला, "लाइट चालू राहिला असेल." राहिला नव्हता. उतरलेली बॅटरी आधी पूर्ण चार्ज करायची आणि मगच तपासायची, एवढं तरी त्याने करायला हवं होतं. गाडी बंद असताना करंट कोण खातंय हे तर त्याने बघितलंच नाही. त्या एका प्रश्नासाठी मी मल्टीमीटर घेतला.

शनिवारी संध्याकाळी बॅटरीची वायर काढून ती चार्जरवर लावली. रविवारी सकाळी बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. बॉनेट उघडं ठेवून दार उघडलं आणि दाराच्या कडेचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून मिटवलं, म्हणजे गाडीला वाटतं दार बंद आहे आणि आतला फ्यूजबॉक्स मात्र हाताशी राहतो. नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून ते लॉक उघडायला विसरू नका, नाहीतर ते आपटून वाकतं. चावी घरात, गाडीपासून लांब.

मग मीटर. लाल वायर 10A च्या भोकात, काळी COM मध्ये, डायल डीसी अँपिअरवर. बॅटरीची निगेटिव्ह क्लँप 10 नंबरच्या पान्याने सैल करून काढायची, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं त्या सुटलेल्या क्लँपला. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातो. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवायची नाही, स्टार्टर मारायचा नाही. मीटरचा आतला फ्यूज उडतो. आणि वायर 10A मध्येच ठेवून बॅटरीच्या दोन खांबांवर व्होल्टेज मोजायला जाऊ नका, तो सरळ शॉर्ट आहे.

लावल्यावर आकडा 3 च्या वर दिसला. घाबरायचं नाही, गाडीतले कंट्रोलर जागे होतात, ते झोपायला वेळ लागतो. मी अर्धा तास स्टुलावर बसून आकडा बघत होते. तो उतरत उतरत 1.42 वर थांबला. बहुतेक गाड्यांत झोपल्यावर 0.05 च्या आत असायला हवा. बारा तास 1.42 अँपिअर म्हणजे सुमारे 17 अँपिअर-अवर. माझा रोजचा प्रवास चार किलोमीटरचा, तेवढ्यात रात्रीचं भरून निघत नाही. नव्या बॅटरीलाही दोनच रात्री का पुरल्या, ते कळलं.

आता फ्यूज. आधी दोन्ही फ्यूजबॉक्सचे फोटो काढले, कारण एकदा दहा फ्यूज हातात आले की कुठला कुठे होता ते आठवत नाही. एक फ्यूज चिमट्याने काढायचा, आकडा बघायचा, परत लावायचा. हॉर्न काढला, 1.42. पॉवर विंडो, 1.42. ब्लोअर, 1.42. टेप आणि आतल्या दिव्याचा फ्यूज काढल्यावर 1.41. फ्यूज परत लावला की एखादा कंट्रोलर पुन्हा जागा होतो आणि आकडा उडी मारतो, मग पाच-दहा मिनिटं थांबायचं. ही थांबण्याची गोष्ट कुणी सांगत नाही आणि घाईत भलत्याच फ्यूजला चोर ठरवलं जातं.

तासभर झाला. शेवटी चिडून आतल्या आणि बॉनेटखालच्या बॉक्समधले हाताने निघणारे सगळे फ्यूज काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. आकडा 1.40.

तिथे मी अडकले. मीटर खोटा आहे असं वाटलं, दुसऱ्या बॅटरीवर एक बल्ब लावून तपासला, मीटर खरा होता. उन्हात उभी, समोर बावीस फ्यूज, गाडीत एकही वस्तू जोडलेली नाही आणि तरी करंट चाललाय. त्यात पाऊण तास गेला. मग प्रश्न उलटा करून बघितला. या छोट्या फ्यूजमधून न जाता बॅटरीपासून थेट कुठे वायर जाते? माझ्या गाडीत दोनच ठिकाणी, स्टार्टरला आणि अल्टरनेटरला. अल्टरनेटरची वायर बॉक्समध्ये नटबोल्टने कसलेल्या मोठ्या फ्यूजमधून जाते, तो चिमट्याने निघतच नाही.

वाकून अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला हात लावला. इंजिन शनिवार संध्याकाळपासून बंद होतं. इंजिनचा धातू थंड होता, तो भाग कोमट होता. 1.4 अँपिअर गुणिले साडेबारा व्होल्ट म्हणजे साडेसतरा वॉट, तेवढी उष्णता कुठेतरी निघणारच.

सगळे फ्यूज परत लावले. मीटर सोडवला, निगेटिव्ह पूर्ण काढून बाजूला ठेवली, मगच अल्टरनेटरच्या रबरी टोपीखालचा नट सोडला. ती वायर बॅटरीला थेट जोडलेली असते, पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. वायरच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळली, बाजूचा कप्लर काढला, मीटर परत लावला, अर्धा तास थांबले. 0.02.

मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही.

वायरमनदादांनी अल्टरनेटर उघडून डायोड प्लेट काढली आणि मीटरने दाखवली. चांगला डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून मीटर एका बाजूने 0.5 च्या आसपास दाखवतो, उलट लावल्यावर OL. दोन डायोड दोन्ही बाजूंनी आकडा दाखवत होते, एक पॉझिटिव्ह बाजूचा, एक निगेटिव्ह बाजूचा. दादा म्हणाले, एकच गळका असता तर दुसऱ्याने करंट अडवला असता. दोन्ही बाजूंचे गळके म्हणून बॉडीपर्यंत वाट मिळाली. बाकीचे डायोड काम करत होते, म्हणून चार्जिंग 14.1 दिसत होतं. नवी प्लेट आणि मजुरी दीड हजार.

एक राहिलं. फ्यूज न काढताही शोधता येतं. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, त्यांवर मीटर मिलिव्होल्टवर लावायचा. करंट वाहत असेल तर अगदी छोटा आकडा दिसतो, नसेल तर शून्य. गाडी जागी होत नाही. हे मला आधी माहीत असतं तर ती सकाळ अर्ध्या वेळात संपली असती.

सोमवारी सकाळी गाडी पहिल्या चावीला लागली. जुनी बॅटरी मात्र भंगारात गेली. ती चार्ज करून कुणी तपासलीच नव्हती.