उकडीच्या मोदकांची कोलॅब स्क्रिप्ट: वाटणी जमली, एक सांधा बाकी

मैत्रिणीचं चॅनल रेसिपीचं, माझं स्वयंपाकघरातल्या विज्ञानाचं. ती मोदक करणार, मी ‘असं का?’ सांगणार. पहिल्या वाचनात ओळी मोजल्या तर दोघांच्या जवळजवळ सारख्या भरल्या. पण माझ्या निम्म्या ओळी ‘हो ना’, ‘अरे वा’ अशा. म्हणून आता ओळी मोजत नाही. नवी माहिती कोण देतंय ते बघतो आणि तिच्या माहितीला पिवळा, माझ्या माहितीला निळा रंग देतो. कागद लांबून बघितला तरी कळतं: सारण आणि उकड पिवळीजर्द, आणि मग निळ्याचा एक सलग ठोकळा. तो मोठ्याने वाचला तर मिनिटाच्या वर जातो. तेवढा वेळ तिने कॅमेऱ्यासमोर हात बांधून काय करायचं?

ठोकळा फोडला आणि प्रत्येक तुकडा तिच्या हातातल्या कामाला बांधला. उकडीचा भाग आता असा आहे:

ती (उकळत्या पाण्यात पिठी घालत): गार पाण्यात भिजवली तर पारी वळतानाच चिरते.
मी: तांदळात ग्लुटेन नाही, त्यामुळे कणकेसारखी ओढ येत नाही. गरम पाण्यात स्टार्च फुगून चिकट होतो, तोच पारी धरून ठेवतो. पण सगळ्या पिठीपर्यंत वाफ पोचायला हवी.
ती (झाकण ठेवत): म्हणून हे!

माझी ओळ ‘वाफ’वर येते आणि तिच्या हातात झाकण असतं. सांध्यावर, म्हणजे बोलणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं तिथे, सूत्र शब्दाने नाही, वस्तूने हातात जातं. ‘आता पुढचं ही सांगेल’ हे वाक्य आम्ही सगळीकडून काढून टाकलं. ते ऐकलं की निवेदक माइक देतोय असंच वाटतं. प्रश्नसुद्धा बेताने ठेवलेत, कारण प्रत्येक सांध्याला मी ‘मग आता काय?’ विचारलं तर तिच्यापुढे मी शाळकरी पोरगा वाटतो.

स्क्रिप्टमध्ये सांध्याच्या जागी जाड रेघ मारतो आणि शेजारी ‘थांब’ लिहितो. म्हणजे बोलणाऱ्याने शेवटच्या शब्दानंतर क्षणभर गप्प राहायचं, दुसऱ्याने लगेच तोंड उघडायचं नाही. एडिटला ती फट लागते: माझा चेहरा दिसत असतानाच तिचा आवाज सुरू करता येतो आणि कट जाणवत नाही. दोघं एकमेकांवर बोललो तर कॉलर माइक वेगळे असूनही एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, मग तिथे कापता येत नाही. नैसर्गिक वाटावं म्हणून मध्येच बोलायचं असेल, तर ते दोघं एकाच फ्रेममध्ये असतानाच. तिथे मुळात कापायचं नसतं.

कळ्या पाडायचा भाग पूर्ण तिचा, मी गप्प. तिथे समतोल बिघडला तरी चालेल, लोक बोटं बघायला आलेत.

मोदकपात्रापासून चाखण्यापर्यंतचा सांधा मात्र अजून अडलाय. वाफवायच्या वेळात माझी माहिती टाकली तर व्हिडिओ रेंगाळतो, सरळ कापलं तर मोदक आकाशातून पडल्यासारखे ताटात येतात. सध्या तिने झाकण उघडायचं आणि मी तुपाची वाटी पुढे करायची, असं लिहून ठेवलंय. रविवारी फोनवर कच्चं शूट करून बघतो.