आईच्या फराळाच्या पाच चित्रांची गोष्ट

डोंबिवलीत आईचं छोटं दुकान आहे. वर्षभर पापड, मसाले, पोळीभाजी आणि दिवाळीत फराळ. २०२४ च्या दिवाळीत मी तिच्यासाठी इन्स्टाग्रामवर एक पोस्टर टाकलं होतं. पणत्या, तोरण, सोनेरी अक्षरांत शुभेच्छा, खाली 'सर्व फराळावर १० टक्के सूट' आणि 'ऑर्डरसाठी डीएम करा'. बदाम भरपूर आले, ऑर्डरी नाहीत. खाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: 'किंमत?' मी ऑफिसातून सुटून उत्तर देईपर्यंत विचारणारीने दुसरीकडे सांगून टाकलेलं असायचं.

२०२५ साली ठरवलं, सरकवत बघायची पाच चित्रं करायची, पण आधी कागदावर. कागद घेऊन आईसमोर बसले तेव्हा पहिला वाद सवलतीवर झाला. अर्धा अर्धा किलोचा हिशेब असा: चकली २६०, पातळ पोह्यांचा चिवडा १८०, शंकरपाळी २००, बेसन लाडू ३००. एकूण ९४० रुपये. यावर १० टक्के म्हणजे ९४ रुपये तिच्या खिशातून जाणार, आणि तेही शेवटच्या दिवशी येणाऱ्यालासुद्धा. आई म्हणाली, "अगं, स्वस्त नको करू. लवकर सांगायला लाव त्यांना. भाजणी किती दळायची ते मला आधी कळायला हवं." तिची खरी अडचण ती होती. शेवटच्या चार दिवसांत चकली वाढवता येत नाही. सोऱ्या एक आणि हात दोन.

मग दोन ऑफर ठरल्या. चारही पदार्थांचा डबा ८८० रुपयांना. आणि १० ऑक्टोबरपर्यंत सांगणाऱ्याला डब्यासोबत पाव किलो शेव मोफत. शेवेला आईचा खर्च चाळीसच्या आत येतो, घेणाऱ्याला मात्र हातात पुडा दिसतो. '६० रुपये वाचतात' याच्यापेक्षा 'शेव आमच्याकडून' हे तिला सांगायलाही बरं वाटलं.

पहिल्या चित्रावरचा मजकूर मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा तो बँकेच्या शुभेच्छापत्रासारखा झाला. 'आपणांस व आपल्या परिवारास' सुरू झालं की पुढचं कोणी वाचत नाही. तेवढ्यात आई फोनवर जुन्या गिऱ्हाईक काकूंना म्हणाली, "भाजणी दळून आली बरं का. यंदा तुमच्याकडे काय पाठवू?" मी तेच उचललं. वर आईचे सोऱ्या फिरवणारे हात, खाली ती दोन वाक्यं, कोपऱ्यात लहान अक्षरात 'दिवाळी २०२५'. पणती नाही, तोरण नाही. फोटो खिडकीपाशी सकाळी काढला. ट्यूबलाइटखाली चकली करपल्यासारखी दिसते.

दुसऱ्या चित्रावर डबा: आत काय, किती वजनाचं, ८८० रुपये, शेवेची तारीख. तिसऱ्यावर सुट्या पदार्थांचे भाव. चौथ्यावर तारखा: शेवेसाठी शेवटची ऑर्डर १० ऑक्टोबर, डबे १४ ते १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ ते ९, दुकानातून. १८ ला धनत्रयोदशी होती, त्यानंतर आईला घरचं बघायचं होतं. संध्याकाळची वेळ लोकलने परतणाऱ्यांसाठी. पाचव्यावर फक्त ऑर्डर कशी द्यायची ते, तीन ओळींत: या नंबरवर व्हॉट्सॲप करा, नाव, काय हवं, कोणत्या दिवशी नेणार एवढं लिहा, अर्धे पैसे आले की ऑर्डर पक्की.

आकार १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवला, म्हणजे मोबाइलवर चित्र उभं आणि मोठं दिसतं. मजकूर कडांपासून आत घेतला, कारण प्रोफाइलवरच्या चौकटीत चित्र थोडं कापलं जातं. फॉन्ट 'मुक्ता'. आधी घेतलेल्या एका सजावटी फॉन्टमध्ये 'सोऱ्या'तला अर्धा र पाय मोडून पडत होता आणि ओळी जवळ आल्या की वेलांट्या वरच्या ओळीत घुसत होत्या. ओळींतलं अंतर वाढवल्यावर ते थांबलं. मोबाइल नंबर तेवढा इंग्रजी आकड्यांत घेतला.

पण चित्रातला नंबर दाबता येत नाही, आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेली लिंकही दाबली जात नाही. म्हणून लिंक प्रोफाइलमध्ये ठेवली आणि पोस्टखालच्या पहिल्याच ओळीत तसं सांगितलं. लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=FARAL
```

X च्या जागी दहा आकडी नंबर. ९१ च्या आधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको. ती दाबली की आईच्या नावाची खिडकी उघडते आणि FARAL आधीच लिहिलेलं असतं, फक्त पाठवायचं. उत्तरासाठी व्हॉट्सॲप बिझनेसमधला आपोआप जाणारा स्वागताचा निरोप लावला. इथे मी फसले. तो निरोप नव्या माणसाला जातो, किंवा चौदा दिवस बोलणं झालं नसेल त्याला. आईची नेहमीची गिऱ्हाइकं तर रोज पोळ्या सांगतात, त्यांना काहीच जाईना. मग भाव आणि तीन प्रश्नांचा मजकूर तयार उत्तरांमध्ये साठवून दिला. आई तिरपी रेघ टाइप करते, यादीतून फराळ निवडते, की सगळं जातं.

दसऱ्याच्या संध्याकाळी, २ ऑक्टोबरला, पोस्ट टाकली आणि तीच पाच चित्रं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली. तिथे दुसरी चूक कळली. ग्रुपवर पाच चित्रं एकत्र राहत नाहीत. लोक एकच उचलून पुढे पाठवतात, आणि ते असतं भावाचं. भाव लिहिलेल्या त्या चित्रावर ना दुकानाचं नाव होतं, ना नंबर, ना साल. एका बाईंनी दुसऱ्याच कुणाच्या गेल्या वर्षीच्या भावपत्रकाशी ते जुळवून "चकली २२० ना?" असं विचारलं. त्या रात्री दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या तळाला एक पट्टी टाकली: दुकानाचं नाव, नंबर, दिवाळी २०२५. ग्रुपवर ती पुन्हा पाठवली, आणि या वेळी नंबर चित्राखाली मजकूर म्हणूनही लिहिला, म्हणजे बोट लावलं की फोन लावता येतो.

फरक प्रश्नांत दिसला. 'किंमत?' जवळजवळ थांबलं. आता विचारणा यायची ती 'लाडू साजूक तुपातले का?' आणि 'पुण्याला कुरिअर कराल का?' यांची. तुपाचं उत्तर तिसऱ्या चित्रावर आधीच असायला हवं होतं, ते राहून गेलं. कुरिअरला आईने सरळ नाही म्हटलं, करंज्यांचा चुरा होतो म्हणून. करंज्या यादीत नव्हत्याच, पण तिचा तो ठरलेला नकार आहे.

८ तारखेला चकलीच्या ऑर्डरी भाजणीइतक्या झाल्या. मी पोस्टखालचा मजकूर बदलायला घेतला आणि 'चकली सोल्ड आउट' असं लिहिलं. आईने चष्मा वर करून वाचलं. "सोल्ड आउट काय? लिही, चकली संपली, शंकरपाळी अजून आहे, या."