बारा मुठी आणि एक वजनकाटा

"बारा जणींच्या हाताला बारा चवी. मग तुमच्या बचत गटाच्या लोणच्याच्या सगळ्या बाटल्यांची चव एकच कशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पहिल्या वर्षी ती एक नव्हतीच. जी ती आपल्या घरी लोणचं घालायची आणि बाटल्या एका टेबलावर मांडायच्या. प्रदर्शनात एक बाई चाखून बाटली घेऊन गेल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. "काल चाखवलंत ते हे नाही हो." चाखायची वाटी एकीची होती, बाटली दुसरीची.

त्या संध्याकाळी प्रत्येकीला विचारलं, मीठ किती? सगळ्यांचं उत्तर एकच : मुठीनं. मग मुठी काट्यावर ओतायला लावल्या. कुणाची 40 ग्रॅम भरली, कुणाची 70.

तेव्हापासून किलोभर फोडींना 150 ग्रॅम मीठ, मोजूनच. मसाला एकाच घरी, एकाच दिवशी होतो आणि मेथी एकच जण तळते, कारण मेथी जरा करपली की अख्खी भरणी कडू. कैऱ्या मात्र रायवळ, प्रत्येक झाडाचा आंबटपणा निराळा. म्हणून घरोघरच्या फोडी आधी एका चादरीवर ओतून कालवतो, मग मीठ-हळद लावतो. पाऊस लागल्यावरच्या कैऱ्या घेतच नाही, फोड मऊ पडते.

तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करायचं आणि फोडींवर निदान अर्धा सेंटिमीटर उभं राहील इतकं घालायचं. आठ दिवसांनी भरण्या उघडतो. बुडबुडे दिसले, झाकण वर आलं, तर मीठ कमी पडलंय किंवा ओल राहिलीय. वर पांढरी साय धरली, तर बहुधा फोडी तेलाबाहेर राहिल्यात. अशी भरणी टाकूनच देतो. वरून तेल ओतून वाचवायचा मोह होतो, एकदा वादही झालाय, पण ती बाटली गटाचं नाव घेऊन कुणाच्या तरी ताटात जाणार असते.

बाटलीवर आधी करणारीची खूण टाकायचो. एक तक्रार आली आणि तिच्याशी चार जणींनी बोलणं सोडलं. आता फक्त तारीख आणि भरणीचा नंबर. कुणी काय केलं ते वहीत.

नावावरही ओढाताण झाली. अध्यक्षांच्या सासूबाईंचं नाव सुचलं होतं, पण अध्यक्ष बदलतात. शेवटी ज्या आंब्याखाली बचतीची बैठक भरते, त्याचंच नाव ठेवलं. लेबल करणाऱ्या मुलानं 'शंभर वर्षांची पणजीची पाककृती' असं छान लिहून आणलं होतं. कुणाची पणजी, म्हटलं? ही पाककृती तर काट्यावर भांडून ठरलीय! आता लेबलवर आमच्या गावच्या रायवळ कैऱ्या आणि बारा जणी, एवढंच आहे.

घरचं लोणचं अजून जिचं तिचं. माझ्यात मेथी अंमळ जास्तच असते. ते विकायला नाही.